एकच भाव, किती इंच?

पुतण्या : काका, गेल्या दिवाळीच्या होर्डिंगचा फोटो मी मोठा करून पाहिला. वीस फूट बाय दहा फुटाच्या त्या फ्लेक्सवर त्र्याऐंशी शब्द भरले. शिवाय लक्ष्मी आहे, गणपती आहे, आजोबांचा फोटो आहे, तीन मोबाइल नंबर आहेत आणि चारही कोपऱ्यांत पणत्या आहेत. आता हिशेब करू. क्रांती चौकाकडून पैठण गेटकडे येणारा मोटरसायकलवाला ताशी तीस किलोमीटरने येतो असं धरा. म्हणजे सेकंदाला सत्तावीस फूट. होर्डिंग नीट नजरेला पडतं ते साधारण दोनशे फुटांवरून. म्हणजे ते मागे पडेपर्यंत त्याच्याकडे सात सेकंद आहेत. त्यातच समोरची रिक्षा, खड्डा, रस्ता ओलांडणारी बाई, सगळं आलं. पुण्यात मी चार वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहिला. तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात की दर दहा फूट अंतराला अक्षर एक इंच उंच हवं, तर ते सहज वाचता येतं. दोनशे फुटांना वीस इंच. आपलं सगळ्यात मोठं अक्षर, दुकानाचं नाव सोडलं तर, सहा इंचांचं होतं. साठ फुटांवर आल्यावर ते वाचता येतं आणि तेव्हा माणसाकडे दोन सेकंद उरलेले असतात. तुम्ही दरवर्षी पैसे मोजता आणि त्र्याऐंशी शब्दांतला एकही शब्द कुणी वाचत नाही. यंदा तो मजकूर मला पुन्हा लिहू द्या.

काका : वाचत नाही हे तुझं खरं असेल. पण वाचण्यासाठीच लावतो असं तुला कुणी सांगितलं? अरे, लग्नपत्रिका कोण अक्षरन् अक्षर वाचतं? तारीख आणि मंगल कार्यालय बघतो आणि ठेवून देतो. तरी खाली सगळ्या काका-मामांची नावं छापावीच लागतात. एक राहिलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. होर्डिंगचंही तसंच. आपलं दुकान गुलमंडीवर अण्णांच्या काळापासून आहे. दिवाळी आली की फलक लागतो, म्हणजे दुकान चालू आहे, माल भरलेला आहे, यंदाही माणसं उभी आहेत. एवढं त्या मोटरसायकलवाल्याला कळलं तरी माझे पैसे फिटले. आणि त्यातली एकेक ओळ काही कारणाने आलेली आहे. ‘आमची कुठेही शाखा नाही’ या ओळीला तू परवा हसलास. आपल्याच नावापुढे ‘न्यू’ लावून एकाने पलीकडच्या गल्लीत दुकान टाकलं होतं. तिथे घेतलेली साडी पहिल्याच धुण्यात विटली, आणि कन्नडची एक बाई ती घेऊन भांडायला आपल्याकडे आली. त्या वर्षी अण्णांनी ती ओळ लिहून घेतली. आता तू ती काढणार म्हणतोस.

पुतण्या : ओळीला मी हसलो ते चुकलंच माझं. पण काका, आजोबांनी ती लिहून घेतली तेव्हा बोर्डावर आणखी काय होतं? काकूंनी मला जुना फोटो दाखवला. कापडी फलक आहे, हाताने रंगवलेला. वर दुकानाचं नाव, खाली ‘दिवाळीचा माल आला’, आणि त्याखाली ‘आमची कुठेही शाखा नाही’. झालं. तीन ओळी. रस्त्याच्या त्या टोकावरून वाचता येतील इतकं मोठं अक्षर. मग तीन ओळींचे त्र्याऐंशी शब्द कधी झाले?

काका : फ्लेक्स आला तेव्हा. आमचा पेंटर अक्षरामागे पैसे घ्यायचा. कापड ताणून बांधायचा, खडूची पूड लावलेला दोरा दोन टोकांना धरून टिचकी मारली की सरळ रेघ उमटायची, तीच शिरोरेषा. मग ब्रश. अण्णा त्याला कागद द्यायचे तेव्हा आधी स्वतःच चार शब्द खोडायचे. कारण प्रत्येक अक्षराला पैसा लागायचा आणि वेळही. दिवाळी तोंडावर आलेली, पेंटरकडे वीस दुकानांची रांग. फ्लेक्सवाला चौरस फुटाचा भाव लावतो. दोनशे फूट म्हणजे दोनशे फूट. त्यात एक शब्द टाक नाहीतर शंभर, दाम तोच. मग वाटतं, एवढी जागा आहे तर शूटिंग-शर्टिंग टाकू, सोवळं-धोतर टाकू, सतरंज्या टाकू. मोकळी जागा दिसली की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

पुतण्या : हेच तर! आजोबांना खोडायला पैसा भाग पाडायचा. आपल्याला आता कुणीच भाग पाडत नाही, म्हणून आपल्याला स्वतःहून खोडावं लागेल. मी किती जागा आहे ते मोजलं. अक्षराचं अंग वीस इंचांचं धरलं तर वरच्या वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खालचे उकार मिळून एक ओळ साधारण छत्तीस इंच खाते. इंग्रजीला हे एवढं लागत नाही, पण आपली लिपी वर-खाली दोन्हीकडे वाढते. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. दहा फूट म्हणजे एकशेवीस इंच, म्हणजे तीन ओळी. आडवे वीस फूट म्हणजे दोनशे चाळीस इंच, एका ओळीत बारा अक्षरं. सगळी मिळून छत्तीस. त्यातून दुकानाचं नाव वजा करा, लक्ष्मीला कोपरा द्या. हातात वीस-बावीस अक्षरं राहतात. शहराचं नावसुद्धा मी काढलं. २०२३मध्ये नाव बदललं तेव्हापासून तुम्ही ‘छत्रपती संभाजीनगर’ पूर्ण लिहिता, ती दहा अक्षरं होतात. पण पैठण गेटवरून जाणाऱ्या माणसाला आपण कुठल्या शहरात आहोत हे सांगायला नको. पत्ता लागतो तो बिलावर आणि पिशवीवर.

काका : शहराचं नाव काढ, माझी हरकत नाही. पण बावीस अक्षरांत तू लिहिणार काय? ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यानेच तुझी बरीच जागा संपते.

पुतण्या : त्यावरूनच बोलायचं होतं. गेल्या वर्षी आपल्या होर्डिंगवर ‘दिपावलीच्या हादिर्क शुभेच्छा’ छापलं गेलं. महिनाभर तसंच लटकत होतं आणि एकानेही सांगितलं नाही. तुम्ही मोबाइलवरून पाठवलेल्या मजकुरात ‘हार्दिक’ बरोबर होतं. फ्लेक्सवाल्याने तो मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टात बदलून घेतला. मोबाइलमध्ये ‘र्दि’ साठवताना आधी र, मग द, मग वेलांटी अशी रांग असते. जुन्या फॉन्टात डोळ्यांना दिसतं तशी रांग, म्हणजे वेलांटी आधी, मग द, मग वरचा रफार. एकातून दुसऱ्यात नेताना वेलांटी आणि रफार एकत्र आले की गोंधळ होतो आणि रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून ‘हार्दिक’ हाच शब्द गावोगाव मोडलेला दिसतो. छापण्याआधी तपासायचं असेल तर सगळा मजकूर वाचत बसायची गरज नाही. जिथे रफार आहे आणि पहिली वेलांटी आहे तेवढे शब्द बोट ठेवून बघायचे. ‘दीपावली’तला दी मात्र यंत्राने नाही, आपण चुकवला. ‘दीप’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून दीर्घ. ‘दिवाळी’ आपली घडवलेली, म्हणून ऱ्हस्व. दोन्हींची सरमिसळ होते. मी म्हणतो ‘दिवाळी’ लिहा. घरात आपण तेच म्हणतो.

काका : चूक दाखवलीस ते बरं केलंस. मला खरंच दिसली नव्हती.

पुतण्या : काका, तुम्हाला का दिसली नाही, ते मला महत्त्वाचं वाटतं. तुम्ही ती ओळ वाचलीच नाही. ‘हार्दिक शुभेच्छा’ हे शब्द आता शब्द राहिलेले नाहीत, ते पणतीच्या चित्रासारखे झालेत. म्हणून मी एका माणसाशी बोलणारी ओळ केली. आपल्या दिवाळीच्या पंधरवड्यात दुकानात कोण येतं? वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याचे कामगार. बोनस झाला की त्या शनिवार-रविवारी उभं राहायला जागा नसते. तर होर्डिंगवर लिहायचं : ‘बोनस झाला? चला, गुलमंडी.’ मोजून अकरा अक्षरं. प्रत्येक अक्षर दोन फुटांचंसुद्धा करता येईल.

काका : ही ओळ चांगली आहे. मला आवडली म्हणून सांगतो, ती लावायची नाही. २०२५चा सप्टेंबर तू इथे नव्हतास. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मराठवाड्यात सोयाबीन उभं पाण्यात होतं, कापूस झाडावर सडला, जायकवाडीचे दरवाजे उघडलेले, पैठणला खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दसऱ्याला फुलंब्रीहून, गंगापुरातून नेहमीची माणसं आली. ज्याच्याकडे दरवर्षी सहा जणांचे कपडे जायचे, त्याने दोन लेकरांचे घेतले आणि स्वतःला टॉवेलसुद्धा घेतला नाही. त्या माणसाने वर मान करावी आणि वीस इंची अक्षरांत आपणच त्याला विचारावं, बोनस झाला? त्याला कधी बोनस असतो का रे? आणि कंपनीत तरी सगळ्यांना कुठे मिळतो? ठेकेदाराकडचा पोरगा त्याच मशिनवर उभा असतो, त्याच्या हातात दिवाळीला काय पडेल याचा नेम नाही. तू एका माणसाशी बोललास म्हणतोस. पण होर्डिंग चौकात असतं. तू एकाशी बोललास तरी ऐकतात सगळे.

पुतण्या : हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पुण्यात आम्ही विचारायचो, ‘आपला ग्राहक कोण?’ उरलेल्यांना काय वाटेल हा प्रश्न कधी समोरच यायचा नाही.

काका : म्हणून ते ‘हार्दिक शुभेच्छा’. तू म्हणायलास ते पणतीचं चित्र झालंय. असू दे. पणतीने कुणाचं मन दुखत नाही. ईदला त्याच जागेवर आपण शुभेच्छा लावतो, १४ एप्रिलला लावतो, दसऱ्याला लावतो. त्यात कुणाला वगळलं असं होत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला त्या आहेत, ज्याच्याकडे नाहीत त्यालाही आहेत. रिकामी ओळ आहे म्हणूनच तिच्यात सगळे मावतात. अण्णांची ‘दिवाळीचा माल आला’ ही ओळ तू वाखाणतोस, पण तेव्हा गुलमंडीवर येणारा बहुतेक जण अण्णांना नावाने ओळखायचा. शुभेच्छा तोंडाने द्यायचे, बोर्डावर लिहायची गरज नव्हती. आता शहर शेंद्र्यापर्यंत पसरलंय. तोंडाने किती जणांना देणार?

पुतण्या : पटतंय. पण काका, रिकाम्या ओळीत सगळे मावतात हे खरं धरलं, तरी तिच्यात आपण कुठे आहोत? ती ओळ आपल्याशेजारच्या दुकानाची आहे, भांडीवाल्याची आहे, नगरसेवकाची आहे. वरचं नाव बदललं की काम झालं. कुणालाही न दुखवणारं आणि तरी आपलंच असं काहीतरी असेल ना? मी त्र्याऐंशी शब्दांत तेच शोधत बसलो. आणि एक सापडलं. खाली उजव्या कोपऱ्यात, नंबरांच्या वर, तीन इंचांच्या अक्षरांत लिहिलंय : ‘एकच भाव’. मी ते वर आणलं. पहिली ओळ ‘दिवाळीला’. दुसरी ‘भाव एकच,’. तिसरी ‘सगळ्यांना’. तेरा अक्षरं. यात बोनसवालाही आला, ठेकेदाराकडचा पोरगाही आला, सोयाबीन गेलेला माणूसही आला. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. मी ते कागदावर काढून पाहिलंसुद्धा. आडवा ए-फोर कागद जेमतेम बारा इंच रुंद असतो, आपलं होर्डिंग दोनशे चाळीस इंच. म्हणजे विसावा भाग. मग दोनशे फुटांच्या जागी दहा फूट. कागद काउंटरच्या मागे भिंतीला लावला, दहा फुटांवर काकूंना उभं केलं, सातपर्यंत मोजलं आणि कागद उलटा केला. काकूंनी तिन्ही ओळी सांगितल्या. मग जुन्या होर्डिंगचा तसाच कागद लावला. त्यांना ‘लक्ष्मी आहे आणि अण्णा आहेत’ एवढंच सांगता आलं. स्वतःच्या दुकानाचा बोर्ड असून.

काका : थांब. ‘भाव एकच, सगळ्यांना’ हे तू वीस इंचांत लिहिणार?

पुतण्या : हो. का?

काका : कारण ते खरं नाही.

पुतण्या : म्हणजे? चिठ्ठीवर किंमत छापलेली असते. आपल्याकडे घासाघीस चालत नाही हे मी लहानपणापासून ऐकतोय.

काका : घासाघीस चालत नाही. पण मी सोडतो. तीस वर्षांपासून येणारं गिऱ्हाईक उठताना नुसतं माझ्याकडे बघतं. मी काही न बोलता पन्नास रुपये कमी घेतो. तो मागत नाही, मी जाहीर करत नाही. त्या सप्टेंबरनंतरच्या दसऱ्याला तर कित्येकांना मी खरेदीच्या भावात कपडा दिला. पलीकडे कंपनीतलं एक जोडपं पूर्ण किमतीत घेत होतं. त्यांना कळू दिलं नाही. ‘एकच भाव’ ही ओळ खाली कोपऱ्यात तीन इंचांत आहे तोवर ती शोभेची आहे. कुणी वाचत नाही, म्हणून कुणी धरून बसत नाही. तू ती वर नेलीस की दुसऱ्या दिवशी कुणीतरी दुकानात येऊन बोट दाखवेल. म्हणेल, त्यांना पन्नास सोडले, मला का नाही? आणि त्याचं बरोबर असेल.

पुतण्या : मग आपण इतकी वर्षं कोपऱ्यात खोटं लिहीत आलो?

काका : खोटं म्हणू नकोस. अण्णांनी ती ओळ टाकली तेव्हा त्यांच्या मनात हे होतं की अडाणी माणसाला जास्त भाव सांगायचा नाही. त्या काळी खेड्यातून आलेल्याला बाजारात सर्रास दुप्पट सांगायचे आणि तो जितकं घासेल तितकं खाली यायचे. ज्याला घासता येत नाही तो लुबाडला जायचा. अण्णा म्हणाले, आपल्याकडे तसं नाही, चिठ्ठीवर असेल त्याच्या वर एक पैसा नाही. म्हणजे भावाला वरची मर्यादा. खाली किती यायचं हे त्यांनी कुणाला बांधून दिलेलं नव्हतं. ती मोकळीक त्यांनी स्वतःकडे ठेवली.

पुतण्या : तर मग ओळ बदलू. ‘चिठ्ठीच्या वर एक पैसा नाही.’

काका : आणि वाचणारा काय समजेल? की बाकीचे दुकानदार चिठ्ठीच्या वर घेतात. आता कोण घेतं? तो काळ गेला. ते लिहिलं की शेजाऱ्यांवर चिखल उडवल्यासारखं होईल.

पुतण्या : काका, मला यातलं एक कोडं सुटत नाही. तुम्ही सोडता ते चांगल्या मनाने सोडता. पण कुणाला सोडता? ओळखीच्याला. पूर आलेल्या वर्षी ज्या ठेकेदाराकडच्या पोराचं तुम्ही आत्ता एवढं मनापासून बोललात, तो पहिल्यांदाच आपल्या दुकानात आला असेल तर त्याला काय मिळालं? पूर्ण किंमत. त्याच्याकडे बघून तुम्हाला कळणार नाही, कारण तो तीस वर्षं येत नाहीये. परभणीहून परवा आलाय आणि बजाजनगरला खोली करून राहतोय. तुमची सूट नात्यातून जाते. हे शहर आता नात्यापेक्षा मोठं झालंय, हे तुम्हीच म्हणालात. त्या पोराला न्याय देणारी गोष्ट एकच आहे, मोठ्या अक्षरांतली. मला ती ओळ आता सात सेकंदांसाठी नकोय.

काका : आणि त्या मोठ्या अक्षरांपायी मी फुलंब्रीच्या माणसाला काय सांगू? की पोराने बोर्ड बदललाय, यंदा पन्नास सुटणार नाहीत? त्याच्या बापालाही अण्णांनी सोडलेले आहेत. अरे, ते पन्नास रुपये म्हणजे पैसा नाहीच. तू मला ओळखतोस, मी तुला ओळखतो, एवढंच ते आहे. ते काढून घेतलं तर त्याने गुलमंडीवर कशासाठी यायचं? मॉलमध्येही भाव एकच असतो, सगळ्यांना. तिथे एसीही असतो.

पुतण्या : सगळ्यांनाच पन्नास कमी करून चिठ्ठी छापली तर?

काका : मग ओळखीच्याला काय देशील? तो पुन्हा माझ्याकडे बघेल.

पुतण्या : म्हणजे मी मजकूर लिहायला बसलो आणि दुकानच पुन्हा लिहावं लागतंय. पुण्यात असं कधी झालं नाही. तिथे ओळ ठरली की ठरली. ती खरी करायची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी असायची. इथे लिहिणारा मी आणि गल्ल्यावर बसणारे तुम्ही, मध्ये दहा फूट अंतर. फ्लेक्सवाल्याला फाइल परवा संध्याकाळपर्यंत द्यायची आहे. लक्ष्मी ठेवली आहे, आजोबांचा फोटो दुकानाच्या दर्शनी बोर्डावर घेतला आहे, ‘आमची कुठेही शाखा नाही’ तिथेच खाली, मोठ्या अक्षरांत. होर्डिंगवर पहिली ओळ ‘दिवाळीला’ एवढी पक्की आहे. पुढे काय?

काका : आजची रात्र राहू दे. उद्या दुपारी मी गल्ल्यावर बसेन तेव्हा तू शेजारी बस. ओळखीचं जे गिऱ्हाईक येईल त्याला मी चिठ्ठीची पूर्ण किंमत सांगून बघतो. माझ्या तोंडातून निघते का ते मलाही बघायचंय. आणि अनोळखी जो येईल त्याला तू स्वतःच्या हाताने पन्नास सोडून बघ. दोघांचे चेहरे नीट बघून ठेव. मग सांग मला, ती ओळ किती इंचांची करायची.